इतिवृत्तात न ठरलेली कामं

हाउसिंग सोसायटीच्या एका कमिटी मीटिंगचं उदाहरण घेऊ. रेकॉर्डिंगवरून सॉफ्टवेअरने सगळं बोलणं टाइप करून दिलं आहे. बाराव्या मिनिटाला खजिनदार म्हणतात, ‘टाकी गळतेय, दोन-तीन कोटेशन मागवूया.’ सचिव म्हणतात, ‘मी मागवतो, पुढच्या मीटिंगच्या आत.’ थोड्या वेळाने अध्यक्ष म्हणतात, ‘लिफ्टवाल्याला कुणीतरी फोन करा.’ शेवटी एक सभासद म्हणतात, ‘रंगकाम दिवाळीआधी झालं तर बरं.’ त्यावर कुणीच काही बोलत नाही.

हा मजकूर एआयला देऊन इतिवृत्त मागितलं, तर सुबक तक्ता हाती येतो. कोटेशन : सचिव, पुढची मीटिंग. लिफ्ट कंपनीला फोन : खजिनदार, १५ तारीख. रंगकाम दिवाळीपूर्वी पूर्ण करण्याचं ठरलं.

यातली पहिलीच नोंद खरी आहे. लिफ्टचं काम निघालं होतं, पण ते खजिनदारांनी घेतलं नव्हतं आणि १५ तारीख तर कुणाच्याच तोंडी नव्हती. तक्त्यात ‘जबाबदारी’ आणि ‘मुदत’ असे रकाने असले, की ते भरण्याकडेच अशा सॉफ्टवेअरचा कल असतो. रंगकामाची चूक जास्त घातक, कारण एका माणसाची इच्छा कमिटीचा निर्णय होऊन बसली.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे तक्त्यात चौथा रकाना घालायचा : हे कुणी, कितव्या मिनिटाला, कोणत्या शब्दांत म्हटलं. वाक्य सापडलं नाही तर नोंद काढायची. काम सापडलं पण माणूस किंवा तारीख सापडली नाही, तर तिथे ‘ठरले नाही’ असंच लिहायचं. ‘मी मागवतो’ यात जबाबदारी आहे. ‘मागवूया’, ‘करायला हवं’, ‘बघू’ यांत ती नाही. ‘पुढच्या शुक्रवारी’ असं कुणी म्हटलं असेल, तर मीटिंगच्या दिवसावरून तारीख काढायची आणि शंका असल्यास बोलणाऱ्यालाच विचारायचं.

मग उलट दिशेनेही तपासायला हवं. मूळ मजकुरात ‘मी करतो’, ‘ठरलं’, ‘नको’ शोधत गेलं, की सुटलेली कामं सापडतात. बाराव्या मिनिटाला ठरलेलं चाळिसाव्या मिनिटाला कुणी फिरवलं होतं का, तेही कळतं.

पण टाइप झालेलं वाक्यच खोटं असेल तर? ‘व्हिस्पर’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरवर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कुणीच न उच्चारलेली वाक्यं आढळली. बोलण्यात लांब विराम असतील तिथे हा धोका अधिक होता. दोघं एकदम बोलले, तर एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर जातं ते वेगळंच. म्हणून पैसे, नाव किंवा तारीख असलेल्या प्रत्येक नोंदीसाठी त्या मिनिटाचं रेकॉर्डिंग स्वतः ऐकावं.

दुरुस्त इतिवृत्तात मग कोटेशनची नोंद तशीच राहते, लिफ्टपुढे ‘जबाबदारी व मुदत ठरली नाही’ असं येतं आणि रंगकाम ‘सूचना, निर्णय नाही’ म्हणून नोंदलं जातं. ते दोन-तीन दिवसांत सभासदांना पाठवलं, तर लिफ्टचा फोन कोण करणार हे पुढच्या मीटिंगची वाट न पाहता ठरवता येतं.