लंबकाचे आंदोलन आणि संकलकाची कात्री

समजा, वडवणीच्या एखाद्या शाळेत गुरुजी मोबाइलसमोर उभे राहून साध्या लंबकाचा पाठ चित्रित करीत आहेत. बोलता बोलता बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि त्यांना एक वाक्य पुन्हा म्हणावे लागले. नंतर संकलन करताना बिघडलेले वाक्य कापले, तर सांध्यावर गुरुजींचे डोके एकदम हिसका बसल्यासारखे हलते. असे का होते? दोन्ही चित्रे जवळजवळ सारखी असतात. त्यामुळे डोळ्याला हे दुसरे दृश्य वाटत नाही. त्याच माणसाने झटका घेतला असे वाटते.

यावर उपाय पूरक दृश्याचा. आवाज तसाच चालू ठेवायचा आणि सांध्यावर दुसरे चित्र ठेवायचे. पण कोणते? भिंतीवरच्या घड्याळाचे सुंदर चित्र येथे निरुपयोगी आहे. गुरुजी लंबकाची लांबी सांगत असतील, तर टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरलेली मोजपट्टी दाखवावी. पुष्कळ विद्यार्थी दोऱ्याचीच लांबी मोजतात. ती चूक या चित्राने टळते. वाक्य संपेपर्यंत ते चित्र राहू द्यावे.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. 1 मीटर लांबीच्या लंबकाला 20 आंदोलनांसाठी सुमारे 40 सेकंद लागतात. प्रेक्षक कंटाळेल म्हणून संकलकाने मधले 3 सेकंद कापले, तर डावीकडच्या टोकाला असलेला गोळा एका क्षणात उजवीकडे दिसेल. ही चूक कोणीही ओळखील. पण नेमके 2 सेकंद, म्हणजे एक पूर्ण आंदोलन कापले तर? गोळा होता तेथेच दिसेल आणि सांधा कळणारच नाही! प्रेक्षक मात्र 19 आंदोलने मोजील, गुरुजी 40 सेकंद सांगतील, आणि गुरुत्वत्वरण 9.87 ऐवजी 8.91 मीटर प्रति सेकंद वर्ग येईल.

म्हणून सेकंदकाटा असलेले घड्याळ त्याच चौकटीत ठेवावे. काटा उडी मारताच चोरी उघडी पडते. वेळ वाचवायचा असेल, तर 25 सेंटिमीटरचा लंबक घ्यावा. त्याची 10 आंदोलने सुमारे 10 सेकंदांत होतात. ती अखंड दाखवता येतात.

मग काळ कापूच नये का? दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. त्यांनी अंतराअंतराने चित्रे घेतली आणि कित्येक दिवसांची वाढ थोड्या वेळात दाखवली. तेथे काळ आखडला आहे हे प्रेक्षकाला उघड दिसते, आणि दाखवायचे असते ते रोपाचे रूप. लंबकाच्या प्रयोगात मात्र मोजायचा असतो तो काळच. बोलण्यातील अडखळणे खुशाल कापा. मोजली जाणारी राशी कापू नका.