उसाच्या बिलाचा रोजचा मेळ

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या गट कार्यालयात रोज एकच प्रश्न येतो: ऊस जाऊन इतके दिवस झाले, बिल कुठं अडकलंय? उत्तर द्यायला समोर असतो चिटबॉय. त्याच्या मोबाइलवर मुख्य कार्यालयाने रात्री पाठवलेला अहवाल असतो. त्यात समजा असं लिहिलेलं आहे: एकूण नोंदी २,२७२, सक्सेस १,८६१, एरर ३१, पेंडिंग ३८०. बेरीज बरोबर आहे, आकडे खरे आहेत. तरी समोर उभ्या शेतकऱ्याला सांगण्यासारखं त्यात काहीच नाही, आणि पुढे दिसेल की त्यातला सर्वांत मोठा आकडा दिशाभूल करणारा आहे.

आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असे अहवाल अनेक संस्थांत फिरतात. ते संगणक विभागातला माणूस स्वतःच्या सोयीने बनवतो. त्याला पाहायचं असतं की प्रणाली चालली की नाही. चिटबॉयला, गटाच्या शेती अधिकाऱ्याला आणि अध्यक्षांना हवं असतं ते वेगळंच: कोणाचे पैसे खात्यावर पोचले, कोणाचे कुठे थांबले, आणि उद्या सकाळी कोणी काय करायचं.

सुरुवात मेळापासून करावी. सहकारातल्या लोकांना रोजकीर्द वाचता येते. आरंभीची शिल्लक, आजची जमा, आजचा खर्च, अखेरची शिल्लक. हा साचा त्यांच्या नजरेत बसलेला असतो. बिलांचा अहवाल त्याच साच्यात मांडला की शिकवावं लागत नाही. आपल्या उदाहरणात कालची बाकी ४१२ बिलं. आज नव्याने तयार झालेली १,८५४. आधी बँकेतून परत आलेली, दुरुस्ती होऊन आज पुन्हा रांगेत घेतलेली ६. एकूण २,२७२. यातली प्रत्येक बिल दिवसअखेर एकाच रकान्यात असली पाहिजे. दोन रकान्यांत नाही आणि कुठेच नाही असंही नाही. आणि उद्याच्या अहवालाची पहिली ओळ आजच्या शेवटच्या ओळीशी जुळली पाहिजे. निव्वळ ‘आज इतकी झाली, इतकी राहिली’ असं सांगणाऱ्या अहवालात कालची बाकी नसते, त्यामुळे मधल्या मधे गळालेलं बिल कोणाच्या लक्षात येत नाही. शेतकरी दारात आला की मगच कळतं.

आता तो १,८६१ चा आकडा. त्यात १,७९४ बिलांचे पैसे खरोखर जमा झाले होते. उरलेली ६७ बिलं फक्त बँकेकडे पाठवली होती. संगणकाच्या दृष्टीने फाईल गेली म्हणजे काम झालं, म्हणून त्याने ती ‘सक्सेस’मध्ये मोजली. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र खात्यावर रक्कम दिसेपर्यंत काहीच झालेलं नाही. एनईएफटीचे व्यवहार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गटांत, दिवसाला ४८ वेळा पुढे जातात. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास चालू आहे. एका गटाचा हिशेब मिटल्यावर शेतकऱ्याच्या बँकेने दोन तासांच्या आत रक्कम जमा करायची किंवा परत पाठवायची असते. म्हणजे रात्री आठला अहवाल बंद करायचा असेल, तर संध्याकाळी साडेपाचनंतर गेलेल्या बिलांचं काय झालं हे त्या वेळी कदाचित माहीतच नसेल.

म्हणून पूर्ण झालेल्या बिलांच्या रकान्याला ‘खात्यावर जमा’ असंच नाव द्यावं आणि शेतकऱ्याच्या बँकेकडून जमा झाल्याचा निरोप आला तरच बिल तिथे घ्यावं. ती ६७ बिलं बाकीत जातात, पण बाकीतही त्यांची स्वतंत्र ओळ असावी: ‘बँकेकडे गेली, उत्तर यायचं आहे’. या ओळीचेही दोन भाग पाडले की तिचा उपयोग कळतो. ६२ बिलं संध्याकाळी गेलेली आहेत, त्यांची काळजी नाही. ५ बिलं दुपारच्या आधी जाऊनही उत्तर नाही. लेखा विभागाने उद्या बँक उघडताच त्यांचीच विचारणा करायची.

या पाच बिलांना घाईने ‘अयशस्वी’ म्हणणं धोक्याचं असतं. उत्तर आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असं कोणीतरी धरून चालतो, दुसऱ्या दिवशी तीच बिलं नव्या फाईलमध्ये टाकतो, आणि पहिली रक्कमही जमा झालेली असते. दोनदा गेलेले पैसे शेतकऱ्याकडून परत मागणं किती कठीण आणि किती लाजिरवाणं, हे लेखा विभागातल्या माणसांना ठाऊक असतं. त्यावर उपाय म्हणजे बिल कितीही वेळा पाठवलं तरी त्याचा बिल क्रमांक बदलू द्यायचा नाही. प्रत्येक खेपेला बँकेचा यूटीआर क्रमांक वेगळा मिळतो, तो त्या बिलापुढे लिहायचा. आधीच्या खेपेचं स्पष्ट उत्तर हातात नसेल तर दुसरी खेप करायचीच नाही.

बाकीतली उरलेली ३८० बिलं कारखान्यातच आहेत. ‘पेंडिंग ३८०’ एवढं वाचून कोणालाच काही करता येत नाही. त्यातली २४० बिलं विकास सोसायट्यांकडून कर्जकपातीची यादी यायची म्हणून थांबली आहेत आणि १४० सहीसाठी टेबलावर आहेत, असं लिहिलं की अध्यक्षांना कोणाला फोन करायचा ते कळतं. बाकी कोणाच्या हातात आहे, त्या नावाने ती फोडावी.

परत आलेल्या बिलांबाबत अहवाल सर्वांत जास्त बिघडतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. बँकेकडून कारण येतं ते संकेताच्या रूपात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत AC01 म्हणजे खाते क्रमांक चुकीचा, AC04 म्हणजे खातं बंद, AC06 म्हणजे खातं गोठवलेलं. हे संकेत तसेच छापले तर चिटबॉय ते वाचून गप्प बसतो. भाषांतर करून छापले तरी अर्धंच काम होतं, कारण त्याला कारणापेक्षा पुढचं पाऊल हवं असतं. आपल्या ३१ बिलांची फोड अशी करता येईल. नऊ जणांचा खाते क्रमांक चुकला: पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा. अकरा जणांचा आयएफएससी जुना: नवं पासबुक किंवा चेक पाहून दुरुस्त करा. सात जणांचं खातं बंद किंवा गोठवलेलं: शेतकऱ्याने शाखेत जाऊन केवायसी द्यावं किंवा दुसरं खातं कळवावं. चार ठिकाणी खातेदार हयात नाही: वारसाच्या कागदपत्रांसाठी गट कार्यालयात बोलवा.

जुन्या आयएफएससीचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि SYNB ने सुरू होणारे तिचे संकेत १ जुलै २०२१ पासून बंद झाले. देना बँक त्याआधी वर्षभर बँक ऑफ बडोदात गेली होती. एखाद्या शेतकऱ्याने मधली काही वर्षं ऊस दुसऱ्या कारखान्याला घातला आणि मग परत आला, तर त्याच्या जुन्या नोंदीत जुनाच संकेत पडलेला असतो. अहवालात हे कारण स्वतंत्र दिसलं की शेती विभाग बिल परत येण्याची वाट न पाहता असे सगळे संकेत आधीच शोधून काढू शकतो. ‘एरर ३१’ या एका आकड्यातून ते कधीच सुचलं नसतं.

परत आलेलं बिल दुसऱ्या दिवशी अहवालातून नाहीसं होता कामा नये. आजची ३१, आधीची न मिटलेली १८, त्यातली आज दुरुस्त होऊन रांगेत गेलेली ६. म्हणजे अखेरीस ४३ बिलं परतीच्या खात्यात उभी आहेत. अहवालात फक्त ‘आज’चीच बिलं दाखवली तर आठवड्यापूर्वी परत आलेलं बिल अध्यक्षांच्या डोळ्यांआड जातं आणि शेतकऱ्याच्या डोक्यात मात्र रोज असतं.

यासोबत वयही हवं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर द.सा. १५ टक्के व्याज लागू होतं. ६० हजारांच्या बिलाला दहा दिवस उशीर झाला तर हे व्याज साधारण २४७ रुपये होतं. आता बिलं पंधरवड्याने निघतात. अहवालात वय बिलाच्या तारखेपासून मोजलं तर पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी काट्यावर आलेला ऊस बिल निघालं त्या दिवशी ‘शून्य दिवस’ जुना दिसतो, प्रत्यक्षात त्याची मुदत संपत आलेली असते. वय काट्याच्या पावतीच्या तारखेपासूनच मोजलं पाहिजे. बाकी आणि परत आलेल्या मिळून ४९० बिलांपैकी किती १० दिवसांच्या आतली, किती ११ ते १४ दिवसांची आणि किती त्यापुढची, हे तीन आकडे अध्यक्षांसाठी पुरेसे आहेत. माझ्या मते पानावर सर्वांत वर हीच ओळ यावी, एकूण आकड्यांच्याही आधी.

मांडणी एका पानावर मावावी. वर मुदतीची ओळ आणि मेळ, प्रत्येक ठिकाणी बिलांची संख्या आणि रक्कम दोन्ही, कारण ३१ बिलं थोडी वाटतात पण त्यात एक मोठं बिल असू शकतं. टक्केवारी टाळावी. ‘९८ टक्के यशस्वी’ वाचून बैठक समाधानाने संपते आणि उरलेल्या शेतकऱ्यांची नावं कोणी वाचत नाही. नावांची यादी मात्र गावनिहाय वेगळी निघावी आणि प्रत्येक चिटबॉयला त्याच्याच गावांची जावी, खाते क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखवून. अशी यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायला वेळ लागत नाही. लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवू नये. कार्यालयातला प्रिंटर काळा-पांढराच असतो. रात्री किती वाजेपर्यंतची माहिती आहे हे तारखेशेजारी ठळक लिहावं, म्हणजे नवाला जमा झालेल्या पैशांवरून सकाळी वाद होत नाही.

एक चूक या अहवालात दिसत नाही. एनईएफटीत रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकावरून. नाव जुळवलं जात नाही. एक अंक चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्याच कोणाचा निघाला, तर बिल ‘खात्यावर जमा’ मध्ये जातं आणि मेळही बसतो. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहता येईल अशी सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. पण हजारो बिलांच्या फाईलमध्ये नाव डोळ्यांनी कोण पाहणार? म्हणून खाते क्रमांक नव्याने नोंदलेल्या किंवा बदललेल्या शेतकऱ्यांची छोटी यादी अहवालाच्या तळाशी द्यावी आणि चिटबॉयने पहिल्या बिलानंतर त्यांना विचारून खूण करावी.

अहवाल रोज गेला पाहिजे, बँकेला सुट्टी असली आणि सगळे आकडे कालचेच असले तरी. ज्या दिवशी काहीच घडलं नाही त्या दिवशी अहवाल न पाठवण्याची सवय लागली, तर एखाद्या रात्री संगणकाचं काम मध्येच बंद पडल्यावर अहवाल येत नाही आणि सगळे समजतात की आज काही नव्हतं. सकाळी आठपर्यंत अहवाल मोबाइलवर आला नाही, तर चिटबॉयने कोणाला फोन करायचा, ते नाव आणि नंबर अहवालाच्या शेवटच्या ओळीत छापलेले असावेत.