दोन कोटींची फोड

गुंतवणूकदारासमोर ठेवायच्या पिच डेकमध्ये शेवटाकडे एक स्लाइड असते: पैसे मिळाले तर ते कुठे जाणार? बहुतेक फाउंडर तिथे एक गोल काढून त्याचे तीन तुकडे करतात: भरती, प्रॉडक्ट, विक्री. घोळ इथेच होतो. प्रॉडक्ट बनवणारे इंजिनिअर आणि विक्री करणारी माणसंही भरतीतूनच येणार, मग त्यांचा पगार कोणत्या तुकड्यात धरायचा?

समजा, दूध संकलन केंद्रांना हिशोबाचं सॉफ्टवेअर विकणारी एक छोटी कंपनी 18 महिन्यांसाठी 2 कोटी मागते आहे. सध्याचा खर्च चालू उत्पन्नातून भागतो, म्हणून मागणी फक्त वाढीपुरती. चार इंजिनिअर हवेत, प्रत्येकी महिना 1 लाख. दोघे पहिल्या महिन्यापासून, दोघे चौथ्यापासून: झाले 66 लाख. विक्रीसाठी तिघे, महिना 50 हजारांवर. एक लगेच, दोघे सातव्या महिन्यापासून, कारण वजनकाट्याला जोडलेली नवी आवृत्ती तयार होण्याआधी ते विकणार काय? त्यांचे 21 लाख. म्हणजे भरती 87 लाख. सगळे पहिल्याच दिवशी रुजू धरले असते, तर हाच आकडा 12 लाखांनी फुगला असता.

पगार भरतीत गेले, की प्रॉडक्टमध्ये उरतात सर्व्हर, उपकरणं आणि चाचण्या: 36 लाख. विक्रीत गावोगावचा प्रवास, प्रात्यक्षिकं, डीलरचं कमिशन: 45 लाख. उरलेले 32 लाख राखीव, साधारण साडेतीन महिन्यांचा खर्च. आयटीत दोन-तीन महिन्यांचा नोटिस पीरियड सर्रास असतो. माणसं उशिरा येतात, ग्राहकांचे पैसे त्याहून उशिरा. राखीव तुकडा लपवू नये; तो नसेल तर अनुभवी गुंतवणूकदार आधी त्याबद्दलच विचारतो.

आता हेच पैसे कामानुसार मांडा. इंजिनिअरांचे पगार प्रॉडक्टमध्ये घातले, तर ते 36 लाखांवरून 1 कोटी 2 लाखांवर जातं, म्हणजे 18 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर. विक्री 66 लाख, 33 टक्के. एक रुपयाही हलला नाही, चित्र मात्र पार बदललं. दोन्ही मांडण्या चालतात, पण एका वेळी एकच. मला दुसरी पटते: प्रॉडक्ट आणि विक्री हे मोठे तुकडे, आणि प्रत्येकात पगार किती ते खाली बारीक अक्षरात. पगार भरतीतही आणि प्रॉडक्टमध्येही धरले गेले, तर एक्सेलमधल्या भरतीच्या तक्त्याशी स्लाइड ताडताच चूक उघडी पडते.

नुसते टक्केही पुरत नाहीत. रक्कम लिहावी, आणि शेजारी त्यातून काय घडणार तेही: सहाव्या महिन्यापर्यंत नवी आवृत्ती, बाराव्यापर्यंत 40 केंद्रांची 250 केंद्रं. अठराव्यापर्यंत नव्हे. पुढचा निधी उभारायला सहज सहा महिने जातात, आणि तेव्हा दाखवायला हाच आकडा हाताशी लागतो.