दहा सेकंदांचा भुकेला शिलेदार

‘होलो नाइट’ या गाजलेल्या व्हिडिओ गेमचा नायक म्हणजे शिंगांचा पांढरा मुखवटा चढवलेला एक चिमुकला शिलेदार. त्याचा जन्म मात्र एका फसलेल्या खेळात झाला.

ऑगस्ट २०१३ मध्ये ‘लुडम डेअर २७’ ही गेम जॅम भरली होती. विषय आयत्या वेळी जाहीर होतो आणि शनिवार-रविवारच्या आसपास अख्खा खेळ उभा करायचा असतो. एकट्याने उतरणाऱ्याला ४८ तास, गटाला ७२. त्या वेळचा विषय होता ‘दहा सेकंद’. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे एरी गिब्सन आणि विल्यम पेलन यांनी त्यावर ‘हंग्री नाइट’ रचला. शिलेदाराने किडे मारून भूक भागवत राहायचे; दहा सेकंद उपास घडला की खेळ खलास.

विषय नेमका पकडला होता, आणि नियम कुणालाही चटकन कळावा इतका सोपा होता. तरीही न्यूग्राउंड्सवर त्याला एकेकाळी पाचपैकी एकच तारा होता. (‘होलो नाइट’ नावारूपाला आल्यावर तोच आकडा चारवर गेला. खेळ तोच, बघणारे बदलले!)

दोष त्या घड्याळातच असावा. भूक सतत मागे लागली की खेळाडू थांबत नाही, आजूबाजूला बघत नाही. पहिल्या मिनिटाला जे करतो तेच पाचव्यालाही करतो. दोन-तीन दिवसांच्या मुदतीत अशी कल्पना मोहात पाडते, कारण एकच नियम लिहिला की खेळ चालू होतो. पण त्या नियमाला पुढे वळण द्यायला वेळ उरत नाही. टिकले ते चित्र. गिब्सन मूळचा अ‍ॅनिमेटर. दोन शिंगे, दोन काळे डोळे एवढ्यावर त्याने लक्षात राहणारे पात्र काढले होते.

पुढच्या एका जॅमचा विषय होता ‘पृष्ठभागाखाली’. त्यात या जोडीला मुदत गाठताच आली नाही. पण जमिनीखालचे जुने, खोल राज्य आणि त्यात राहणारे कीटक ही कल्पना हाती उरली, आणि तिला नायक आधीच तयार होता. २०१४ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. लोकांनी ५७,००० हून अधिक दिले. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘होलो नाइट’ बाजारात आला.

त्यात भुकेचे घड्याळ नाही. किड्यांवर वार करण्याची गरज मात्र उरली आहे. प्रत्येक वाराने ‘सोल’ नावाची शक्ती साठते. साधारण तीन वारांची शक्ती खर्चून एक जखम भरता येते, पण त्यासाठी शिलेदाराला लढाईच्या मध्येच क्षणभर स्थिर उभे राहावे लागते. मारा आणि जगा हा व्यवहार जुनाच आहे. फरक एवढाच की आता केव्हा थांबायचे, हे खेळाडू ठरवतो.