रवा पाण्यात टिकतो का?

सोयाबीन पेरल्यावर जोराची सर आली आणि मागोमाग कडक ऊन पडले की काही शेतांत मातीवर कठीण पापुद्रा धरतो. कोंब त्याखालीच अडकतात. शेजारच्या, तशाच मातीच्या शेतात मात्र उगवण चांगली असते. फरक असतो तो मातीचे रवे पाण्यात टिकण्याचा, आणि तो ओल्या चाळणीने मोजता येतो.

माती सावलीत वाळवून हलक्या हाताने मोकळी करायची आणि 1 ते 2 मिलिमीटरचे रवे निवडायचे. त्यातले 4 ग्रॅम रवे पाव मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीत घेऊन ती पाण्यात, मिनिटाला सुमारे 35 वेळा, 3 मिनिटे वर-खाली हलवायची. फुटलेली माती डब्यात उतरते. मग दुसऱ्या डब्यात सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटचे द्रावण घेऊन टिकलेले रवेही फोडायचे. दोन्ही डबे ओव्हनमध्ये वाळवून आतल्या मातीचे वजन करायचे. दुसऱ्यातून द्रावणातल्या मिठाचे वजन वजा करायचे.

समजा, पहिल्या डब्यात 2.2 ग्रॅम माती आली, दुसऱ्यात 1.3 आणि चाळणीवर 0.5 ग्रॅम वाळू उरली. टिकाऊ रवे 3.5 पैकी 1.3, म्हणजे 37 टक्के. वाळू वगळली नाही, तर उत्तर 45 टक्के येते आणि माती आहे त्यापेक्षा बरी वाटते. त्याच शेताच्या गवताळ बांधावरच्या मातीत हा आकडा 80 भरला, तर मशागतीखाली मातीची घडण किती ढासळली ते समोर येते. मला ही बांधाशी केलेली तुलना सुट्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते.

कोरड्या रव्यावर एकदम पाणी आले की ते चहूबाजूंनी आत शिरते. आतली हवा कोंडते, दाबली जाते आणि रवा फोडते. बारीक कण मग वरची छिद्रे बुजवतात. तोच थर वाळून पापुद्रा होतो. मुळे, बुरशीचे तंतू आणि कुजलेला पाला रव्यांना बांधून ठेवतात. सततच्या नांगरटीने हे बंध तुटतात.

म्हणून आणखी एक नमुना आधी वाफेने हळूहळू ओला करून चाळावा. तो टिकला, तर घात एकदम भिजण्याने होतो. तिथे काडीकचऱ्याचे आच्छादन उपयोगी पडते. तोही फुटला, तर बांधणीच कमकुवत आहे. त्यातही पाणी तासन्‌तास गढूळ राहिले तर सोडियमचा संशय घ्यावा. विदर्भातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात हा दोष आढळतो. तिथे नुसते आच्छादन पुरत नाही, माती तपासून जिप्समही द्यावा लागतो.

एक पथ्य मात्र पाळावे. नमुने एकाच दिवशी, सारख्याच ओलीत घ्यावेत, कारण हा आकडा ऋतूप्रमाणेही बदलतो. उन्हाळ्यातली आणि भर पावसातली माती शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.