पाकिटाची कड बघून घ्या

पाकिटावर ‘जेन्युइन लेदर’चा शिक्का दिसला की गिऱ्हाईक निश्चिंत होतं. पण त्या शिक्क्यावरून एवढंच कळतं की आत कुठेतरी जनावराचं कातडं आहे. ते कुठल्या थराचं, हे कळत नाही, आणि पाकिटाचं आयुष्य त्या थरावरच ठरतं.

केसांच्या लगतचा वरचा थर सगळ्यात घट्ट असतो. तो न घासता ठेवला तर ते फुल ग्रेन. त्यावर रंध्रं, सुरकुत्या, क्वचित ओरखडा दिसतो. तो दोष नव्हे. डाग काढायला पृष्ठभाग हलका घासला की टॉप ग्रेन, तेही पाकिटाला उत्तम चालतं. खालच्या सैल थराला स्प्लिट म्हणतात. त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन कातड्यासारखा ठसा उमटवलेला माल दुकानात उलट जास्त देखणा दिसतो, मात्र घडीवर लवकर सोलतो. बॉन्डेड लेदर तर चामड्याचा चुरा चिकटवून केलेलं असतं. ते घेऊच नये.

ओळखायचं कसं? आतल्या कप्प्यात न दुमडलेली, रंग न लावलेली कड शोधा. तिथे आरपार तंतू दिसले पाहिजेत. वर पातळ पापुद्रा आणि खाली कापड दिसलं तर ते रेक्झिन. पाण्याच्या थेंबाची परीक्षा मात्र फसवी आहे, कारण पॉलिश केलेलं अस्सल चामडंही पाणी शोषत नाही.

मग शिवण. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल होऊ लागतात. हाताच्या सॅडल शिवणीत एकच दोरा दोन सुयांनी प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो, त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. तरीही मशीनची शिवण वाईट नव्हे. दोरा जाड, टाके साधारण तीन मिलिमीटरचे आणि टोकाला उलटे टाके मारलेले असले की पुरे. फार दाट टाके घातले तर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांच्या रेषेवर फाटतं.

धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडवर चामड्याच्या दुकानांची रांग आहे. तिथल्या वस्तीतले कारखाने ब्रँडांनाही माल पुरवतात, आणि त्याच रस्त्यावर रेक्झिनही चामड्याच्या नावाने विकलं जातं. म्हणून साध्या दुघडी पाकिटासाठी मी कारागिराकडेच जाईन: चामडं निवडता येतं, कड पाहता येते, टाका उसवला तर तोच शिवून देतो. ब्रँडच्या किमतीत मॉलचं भाडं आणि जाहिरातही असते.

हँडबॅगेचं तसं नाही. तिथे चेन, अस्तर आणि पट्ट्याचा जोड आधी दगा देतात. दुरुस्तीची लेखी हमी देणारा ब्रँड असेल, तर जास्त पैसे मोजायला हरकत नाही. बॅग कुणाकडूनही घ्या, पट्टा जिथे जोडला आहे तिथे आतून हात घालून बघा: चामड्याचा जादा तुकडा लावून चौकोनी शिवण मारलेली असावी. पट्टा नुसता अस्तरावर शिवला असेल तर ती बॅग परत ठेवा.