हिंदी इतिवृत्तातला ‘कि’ आणि ‘की’

हिंदी बैठकीचं इतिवृत्त बोलून टाइप केलं की आमच्याकडे असं काहीतरी उमटतं:

‘सचिव ने कहा की समिति कि रिपोर्ट आ गई ठेकेदार ने समान नहीं भेजा गुरुवार को फिर बैठक होगी’

इथे स्पेलचेक गप्प बसतो, कारण कि, की, समान हे सगळे शब्द हिंदीत आहेतच. मराठी डोळ्यालाही ‘कहा की’ खटकत नाही. आपला ‘की’ दीर्घच. म्हणून मी मनात मराठी करून बघते. ‘म्हणाले की’मधला की आला तर हिंदीत ऱ्हस्व कि, ‘समितीचा’सारखा संबंध असेल तर दीर्घ की. ‘चर्चा की’ म्हणजे ‘चर्चा केली’, तेही दीर्घच. त्यामुळे सरसकट ‘रिप्लेस ऑल’ अजिबात करू नका!

‘समान’ म्हणजे सारखा. हवं होतं ‘सामान’.

खरा धोका विरामचिन्हांचा. सामान गुरुवारी आलं नाही, की बैठक गुरुवारी आहे? हे वाक्यावरून ठरत नाही, रेकॉर्डिंगच ऐकावं लागतं. मी ऐकलं, ‘भेजा’नंतर स्पष्ट थांबा होता:

‘सचिव ने कहा कि समिति की रिपोर्ट आ गई। ठेकेदार ने सामान नहीं भेजा। गुरुवार को फिर बैठक होगी।’